बाथरूमच्या सांध्यांतली काळी बुरशी: फोटो बघून सांगा, टाइल्स खराब न होता कशी काढू?

निळीशाई
नमस्कार मंडळी, तीन फोटो टाकलेत, जरा मोठे करून बघा. पहिल्यात शॉवरखालची भिंत आहे, क्रीम रंगाच्या चकचकीत टाइल्स, खालच्या तीन ओळींतले सांधे काळे पडलेत आणि नळाच्या खाली गुलाबी-नारिंगी असा चिकट थर येतो. दुसऱ्यात भिंत आणि जमीन मिळते तो कोपरा आहे, तिथे पांढऱ्या पट्टीवर काळे ठिपके आहेत, कितीही घासले तरी जात नाहीत. तिसरा फोटो जमिनीचा, पांढरट-करड्या फरश्या, आणि जाळीपाशी तळहाताएवढे दोन निस्तेज डाग दिसतायत ना, ते मागच्या आठवड्यात पडले. मी संडासाचं क्लीनर सांध्यांवर ओतून दहा मिनिटं ठेवलं होतं, सांधे थोडे उजळले पण फरशीची चमकच गेली, डाग ओला असला की दिसत नाही आणि वाळला की परत दिसतो. आता भिंतीला हात लावायचीच भीती वाटतेय. दोन लहान मुलं तेच बाथरूम वापरतात त्यामुळे बुरशी तशीच ठेवायचीही नाहीये. काय वापरू?

आजीचाबटवा
अगं एवढं घाबरू नकोस. व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र करून सांध्यांत भर, फसफसलं की जुन्या टूथब्रशने घास. आमच्याकडे वर्षानुवर्षं हेच करतात, नळावरचा पांढरा थर तर एका फटक्यात निघतो.

झटपट
व्हिनेगर-बिनेगरने काही होत नाही. सरळ ब्लीच आण, पाणी न घालता ओत, रात्रभर ठेव, सकाळी सगळं पांढरं. बुरशी मारायला ब्लीचसारखं दुसरं काही नाही, आणि ते क्लीनर उरलं असेल तर त्यातच थोडं मिसळ म्हणजे डबल काम होईल.

सांधेजोड
थांबा थांबा, शेवटचं वाक्य कुणीही करू नका. संडासाच्या क्लीनरमध्ये आम्ल असतं, ब्लीचमध्ये पडलं की क्लोरीन वायू निघतो, आणि बंद बाथरूममध्ये तो घशाला आणि फुप्फुसाला लागायला वेळ लागत नाही. निळीशाई, तुम्ही आधी क्लीनर वापरलंय म्हणून तुम्हाला तर जास्तच सांगतो, ब्लीचचं नाव काढण्याआधी जमीन आणि सांधे भरपूर पाण्याने धुवा, जाळीत पण पाणी सोडा. अमोनिया असलेलं काही किंवा व्हिनेगर, त्यांचंही ब्लीचबरोबर तसंच, एकत्र नाही म्हणजे नाही.

मी टाइल्स बसवायचं काम करतो, बरीच वर्षं झाली. फोटो बघून मला एकच गोष्ट आधी ठरवायची आहे, कुठली वस्तू कुठली आहे ते. तुमच्या तीन फोटोंत तीन वेगळे पदार्थ दिसतायत आणि तिघांवर एकच उपाय चालणार नाही, सगळा घोटाळा तिथेच होतो.

पहिला फोटो मोठा करा. खिडकीच्या बाजूच्या टाइलवर एक बारीक शीर वाकडी जाते, तिच्याखालच्या टाइलवर पण अगदी तशीच शीर आहे, फक्त उलटी फिरवलेली. दगडात शीर दोनदा सारखी येत नाही. म्हणजे भिंतीवर छापाच्या सिरॅमिक टाइल्स आहेत, वर काचेसारखं ग्लेझ. ते कडक असतं, घरातल्या बहुतेक क्लीनरना दाद देत नाही, त्याला खरं भय ओरखड्याचं. तारेची घासणी, पोलादी जाळी, सुरी हे भिंतीपासून लांब ठेवा.

तिसऱ्या फोटोत मात्र प्रत्येक फरशीची शीर वेगळी आहे, आणि तुम्ही वर्णन केलंय तो डाग म्हणजे आम्लाने दगड खाल्ल्याची खूण. संगमरवरासारखा चुनखडीचा दगड दिसतोय. आम्ल लागलं की वरचा पॉलिशचा थर विरघळतो, ते मळल्याने झालेलं नाही म्हणून पुसून जात नाही. नक्की करायचं असेल तर दाराच्या मागे कोपऱ्यात कुठे दिसणार नाही अशा जागी व्हिनेगरचा एक थेंब टाका आणि लगेच बघा, बारीक बुडबुडे आले की कळलं, आणि ताबडतोब पुसून धुवा. त्या एका थेंबाचा ठिपका राहील हे ध्यानात ठेवून जागा निवडा.

निळीशाई
थेंब टाकून बघितला, दाराच्या मागे. बारीक बुडबुडे आले आणि पुसल्यावर मिरीएवढा ठिपका राहिला, त्याची चमक गेली. म्हणजे ती खरंच संगमरवर आहे, मला तर टाइलच वाटत होती. आणि घर घेतलं तेव्हापासून ती पांढरी पट्टी मी ग्राउटच समजत होते, ती नाहीये का?

सांधेजोड
नाही, दुसऱ्या फोटोतली ती सिलिकॉनची आहे. नखाने दाबून बघा, रबरासारखी आत जाईल, सिमेंटचा सांधा जात नाही. कोपऱ्यात भिंत आणि जमीन थोडी हलतात म्हणून तिथे लवचिक पट्टी भरतात. तुम्ही ज्या काळ्या ठिपक्यांवर इतका जोर लावलात ते वरून लागलेले नाहीत, पट्टीत शिरलेत, पृष्ठभागाच्या आत. ब्रशने जाणार नाहीत. ब्लीचमध्ये भिजवलेला टिश्यू पेपर रात्रभर चिकटवून ठेवला की काही ठिकाणी फिकट होतात, ते तात्पुरतं, आणि खालची फरशी तुमच्याकडे दगड आहे म्हणून मला तेही करायचं नाहीये. पट्टी कापून नवीन भरावी लागेल.

आजीचाबटवा
मग माझा सोडा-व्हिनेगर भिंतीला तरी चालेल ना? सिरॅमिकला आम्लाने काही होत नाही म्हणालात.

सांधेजोड
ताई, तुमचं नळाचं खरं आहे, तो पांढरा थर पाण्यातल्या क्षारांचा, आम्लाने निघतो. पण बुरशीसाठी ते दोन्ही एकत्र करण्यात नुकसान आहे, सोडा आणि व्हिनेगर एकमेकांना मारतात, फसफस दिसते तेवढीच, शेवटी जवळजवळ खारट पाणी उरतं. आणि टाइलला झालं नाही तरी मधला सांधा सिमेंटचा असतो, त्यात चुनाच असतो. आम्ल दरवेळी त्याचं थोडं थोडं खातं, सांधा खडबडीत होतो, आणि खडबडीत झाला की पाणी आणि साबण त्यात जास्त अडकतं. म्हणून निळीशाईंचे सांधे क्लीनरने उजळले ते स्वच्छ झाले म्हणून नाही, वरचा पापुद्रा गेला म्हणून. हाताने चोळून बघा, वाळल्यावर बोटाला पांढरी भुकटी लागतेय का?

निळीशाई
लागतेय, जाळीजवळच्या दोन-तीन सांध्यांना. भिंतीच्या सांध्यांना नाही.

फोडणी
माझी पण अशीच बुरशी आहे पण छताला, रंगावर काळे गोल गोल पट्टे, त्यावर पण हेच चालेल का? मी पण फोटो टाकू का, पंखा लावलाय तरी येते.

सांधेजोड
छताचा रंग हा वेगळा विषय आहे, तिथे टाइल नाही, ग्लेझ नाही, वेगळा धागा काढा म्हणजे गोंधळ होणार नाही. पंखा चालू असतो म्हणताय, तो हवा बाहेर सोडतो की छतातच, तेवढं बघून ठेवा.

झटपट
बरं, मिसळण्याचं मी चुकीचं बोललो, ते मागे घेतो, वाचून अंगावर काटा आला. पण ब्लीच तर बरोबर ना? मी ते जाड ओतायचो आणि काम व्हायचं.

सांधेजोड
ब्लीच बरोबर आहे, जाड ओतणं नाही. एक लिटर गार पाण्यात ६० मिली साधं पाच टक्क्यांचं ब्लीच, हे भिंतीच्या सांध्यांसाठी पुरतं. गरम पाण्यात घालू नका, त्याने ब्लीच लवकर मरतं आणि वाफ नाकात जाते. आणि मोकळ्या बाटलीत महिनोंमहिने उन्हात ठेवलेलं ब्लीच निम्मं पाणी झालेलं असतं, म्हणून लोकांना वाटतं काम करत नाही आणि मग जाड करतात. रात्रभर ठेवून फायदा नाही, पंधरा-वीस मिनिटांत ते वाळतं आणि वाळलं की थांबलं. ओलं राहणं महत्त्वाचं, दहा मिनिटं. हातमोजे, खिडकी उघडी, मुलं बाहेर. कुणाला दमा असेल तर त्याने हे काम करू नये.

आता तुमच्या प्रश्नाचा खरा भाग. आधी काळं म्हणजे बुरशीच आहे का ते बघा. कापसाच्या काडीला ब्लीच लावा, काळ्या सांध्याच्या एका ठिपक्यावर टेकवा, दोन मिनिटं थांबा. रंग फिका झाला तर बुरशी. तसाच राहिला तर ती साबण, तेल आणि मळाची वळकटी आहे, तिला ब्लीच नाही, साबण आणि नायलॉनचा ब्रश लागतो. बहुतेकांकडे दोन्ही एकावर एक असतात, म्हणून वरचा चिकट थर आधी साबणाच्या पाण्याने काढा, नाहीतर ब्लीच बुरशीपर्यंत पोचतच नाही.

गुलाबी-नारिंगी थराचं कोडं सोपं आहे, तो बुरशीचा नाही, जिवाणूंचा असतो, साबण आणि शॅम्पूच्या उरलेल्या थरावर वाढतो. पुसला की जातो, आणि ओल राहिली की परत येतो.

पहाटवारा
माझं एक मत वेगळं आहे. घरात लहान मुलं असताना मी ब्लीचऐवजी ऑक्सिजन ब्लीच पावडर वापरते, सोडियम परकार्बोनेट. कोमट पाण्यात, लिटरला दोन मोठे चमचे, लगेच वापरायचं, वीस मिनिटं सांध्यांवर ठेवून ब्रशने घासायचं. वास नाही, रंगीत सांधेही फिके होत नाहीत. झाकण घट्ट लावून बाटलीत साठवू नका, आतून वायू येत राहतो आणि बाटली फुगते, माझी एकदा फुटली होती.

सांधेजोड
हे चांगलं आहे, मलाही भिंतीवर हेच आधी आवडेल, सांधे फिके आणि रंगीत दोन्ही असले तर. कमी पडलं तर ब्लीचवर जायचं, पण मध्ये धुऊन वाळवून, एकाच वेळी नाही. दगडी फरशीवर मात्र परकार्बोनेटचं पाणी सांडलं तर पुसून टाका, ते अल्कधर्मी असतं, आणि पॉलिशला कोणतीही जास्त बाजू चालत नाही. फरशीच्या सांध्यांना ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड कापसाने फक्त सांध्यावर, दहा मिनिटं, मग पाणी. आधी त्याच दाराच्या मागच्या कोपऱ्यात लावून बघा, गडद दगड असेल तर रंग थोडा उतरू शकतो.

निळीशाई
आज सकाळी भिंतीवर काडीची चाचणी केली. पाच सांध्यांपैकी तीन लगेच फिके झाले, दोन नाही. त्या दोघांवर साबण घासल्यावर खालून परत काळं दिसलं, आणि त्या काळ्यावर काडी टेकवल्यावर ते पण फिकं झालं. म्हणजे तुम्ही म्हणालात ते तसंच, एकावर एक. दुपारी परकार्बोनेट लावते.

उंबरठा
मला एक शंका आहे, कदाचित मूर्खपणाची वाटेल, पण फक्त खालच्या तीनच ओळी काळ्या का? वर शॉवरचं पाणी सगळीकडे उडतं ना. आमच्या घरी अगदी असंच होतं आणि भिंतीच्या मागून पाणी येत होतं, सगळ्या टाइल्स खाली काढाव्या लागल्या. म्हणून विचारते, नुसतं साफ करून उपयोग होईल का?

पहाटवारा
खाली साबण आणि पाणी साठतं, वाळायला वेळ लागतो, त्यामुळे खालीच काळं पडणं नेहमीचंच आहे. यावरून गळती म्हणता येणार नाही.

उंबरठा
माझ्या अनुभवावरून सांगितलं, तुमचं बरोबर असेलही.

सांधेजोड
दोन्ही शक्य आहे, आणि फोटोवरून मी सांगणार नाही. तपासायचं असेल तर साफसफाई झाली, भिंत दोन दिवस वाळली की, खालच्या काळ्या ओळीवर हातभर रुंद प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने पक्का लावा. दोन दिवस शॉवर बंद. प्लास्टिकच्या बाहेरच्या बाजूला ओल आली तर खोलीतली हवा दमट आहे, आतल्या बाजूला आली तर भिंतीतून येतेय. वर अजून एक तुकडा लावा, जिथे काळं नाही, म्हणजे तुलना होईल.

निळीशाई
बारा दिवसांनी परत आलेय. परकार्बोनेट दोनदा, मध्ये एक दिवस सोडून. भिंतीचे सांधे वरच्या दोन ओळींत पांढरे झाले, तिसऱ्या, अगदी खालच्या ओळीत करडेच राहिले, तिथे ब्लीच लावलं, लिटरला साठ मिली, आधी सगळं धुऊन, दहा मिनिटं. टाइलला काही झालं नाही, चमक तशीच. फक्त खालच्या ओळीत एक सांधा असा निघाला की ब्रश लागल्यावर वाळूसारखा गळला, बोट आत जाईल एवढा खड्डा.

कोपऱ्याची सिलिकॉनची पट्टी नवऱ्याने ब्लेडने कापली, खाली काळी ओल होती, आणि सांध्याचा वास पण येत होता. ते सगळं पुसून, स्पिरिट लावून, दोन दिवस उघडं ठेवलंय. दुकानात सिलिकॉनच्या ट्यूब दोन प्रकारच्या दिसल्या, कुठली घेऊ?

सांधेजोड
न्यूट्रल क्योअर लिहिलेली घ्या, बुरशीप्रतिबंधक असेल तर उत्तम. दुसरी व्हिनेगरसारखा वास मारते, ती वाळताना आम्ल सोडते आणि तुमच्या संगमरवराच्या कडेला ते लागेल. भरल्यावर चोवीस तास पाणी नको. पट्टी भरण्याआधी खोबण कोरडी आहे याची खात्री करा, घाईत भरली की ओल आत कोंडते आणि महिनाभरात ठिपके परत.

गळलेल्या सांध्यातलं सुटं काढून दोन-तीन मिलिमीटर खोल मोकळं करा आणि नवीन ग्राउट भरा. नुसतं वरून लिंपलं तर निघून येईल. वाळल्यावर सीलर लावलं तर पाणी शोषणं कमी होतं, पण ते दरवर्षी तरी परत लावावं लागतं, पाण्याचा थेंब सांध्यावर टाकून बघायचा, सांधा गडद झाला की सीलर संपलं.

आजीचाबटवा
आणि त्या संगमरवराच्या डागांचं काय करायचं? ते काही साफ होणार नाहीत ना.

सांधेजोड
साफ होणार नाहीत, पॉलिश परत चढवावी लागेल. हलके असतील तर संगमरवराची पॉलिशिंग पावडर ओल्या फडक्याने घासून उजळतात, मी हे घरी करायला सांगेन ते फक्त एका छोट्या डागावर, आधी. पसरट आणि खोल असेल तर दगड घासणारा माणूस बोलवा. दोन्ही डाग मला फोटोत तितके खोल वाटले नाहीत, पण हाताने स्पर्श करून खड्डा जाणवतो का ते तुम्हीच सांगू शकाल.

निळीशाई
हाताला जाणवत नाही, फक्त दिसतो. मग एका डागावर करून बघते.

प्लास्टिकचं सांगायचं राहिलं. परवा दोन तुकडे लावले, शॉवर बंद ठेवलं, मुलांना दुसऱ्या बाथरूममध्ये पाठवलं. आज सकाळी काढले. वरचा कोरडा. खालच्याच्या आतल्या बाजूला बारीक धुकं, थेंब नाहीत, हात फिरवला तर बोट ओलसर. बाहेरची बाजू कोरडी.

उंबरठा
आतून ओल आहे म्हणजे आतून येतंय, मी म्हणत होते ना. प्लंबर बोलवा.

पहाटवारा
दोन दिवस वाळली तरी सांध्यांत अजून पाणी राहू शकतं, आधी ब्लीचने धुतलंय ना. इतक्यावर टाइल्स फोडू नका.

सांधेजोड
पहाटवारांशी मी अर्धा सहमत. भिंतीत साठलेलं पाणी हळूहळू निघतं, ते असेल तर दहा दिवसांनी दुसऱ्यांदा प्लास्टिक लावल्यावर धुकं कमी दिसेल. तेवढंच किंवा जास्त दिसलं तर मग आतून काही चालू आहे. शॉवरच्या नळाच्या कडेचा सांधा आणि तो गळलेला खड्डा यातून पण पाणी आत जात असेल, ते भरलं की तोही संशय निघेल. आधी भरा, मग थांबा, मग परत लावा.

निळीशाई
ठीक आहे. खड्डा आणि नळाची कड उद्या भरते, पट्टी परवा. मग शॉवर दहा दिवस रोजचा, आणि त्यानंतर दोन दिवस बंद ठेवून त्याच जागेवर त्याच मापाचा तुकडा लावते.